करमुक्त पगार, पण हातात किती?

दुबईची ऑफर आली की पहिला हिशेब सगळे तोच करतात: दिरहमला रुपयांनी गुणायचं. 15,000 दिरहम, दिरहम 23 रुपये धरला तर वर्षाला 41 लाखांवर, तेही करमुक्त. समोर पुण्याची 24 लाखांची ऑफर फिकी वाटते. दुबईत मुरलेली मराठी कुटुंबं मात्र विचारतात, घर कंपनी देते का? बायको आणि एक मूल बरोबर असेल, तर या प्रश्नावरच बरंचसं ठरतं.

घराचा खर्च आपलाच असेल असं धरू. एक बेडरूमचं भाडं वर्षाला 75,000 दिरहम, म्हणजे महिना 6,250. त्यावर 5 टक्के हाउसिंग फी, जी वीज-पाण्याच्या बिलातून वसूल होते, ती 310. वीज-पाणी-एसी 600, शाळा आणि बस 1,000, किराणा नि बाहेरचं खाणं 2,000, प्रवास 800, फोन-इंटरनेट 500. कंपनीचा विमा अनेकदा एकट्या कर्मचाऱ्याचाच असतो, म्हणून कुटुंबाचा विमा 400. व्हिसा आणि गावाकडच्या फेरीसाठी 500 बाजूला. उरले 2,640 दिरहम, सुमारे 60,000 रुपये. आईवडिलांना 20,000 पाठवले की शिल्लक 40,000.

पुण्यात 24 लाखांवर नव्या करप्रणालीत जवळपास 2.93 लाख कर जातो. पीएफ ही आपलीच बचत, ती वजा न करता महिन्याला पावणेदोन लाख राहतात. भाडं, शाळा, घरखर्च मिळून एक लाख आणि आईवडिलांना तेच 20,000 काढले, तरी 55,000 उरतात. म्हणजे 24 लाख 41 लाखांना भारी पडले. पण तीच दुबईची कंपनी घर देत असेल, तर भाडं आणि फीचे दीड लाख रुपये दरमहा वाचतात आणि पारडं साफ फिरतं. एकट्याने, भागीदारीत खोली घेऊन राहणाऱ्याचंही गणित वेगळं.

आणखी एक फटका पहिल्याच महिन्यात बसतो. भाडं चेकने आगाऊ द्यावं लागतं. चार चेक ठरले तरी पहिला 18,750, अनामत आणि दलाली प्रत्येकी 5 टक्के, वर वीज कनेक्शनची 2,000 अनामत. साडेसहा लाख रुपये जवळ नसतील तर सुरुवातच कर्जाने होते.

ऑफर लेटरमध्ये मूळ पगार किती तेही पाहा. नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी पहिली पाच वर्षं दरवर्षी 21 दिवसांच्या मूळ पगाराइतकी असते. 15,000 मधले 6,000 च मूळ असतील, तर ती त्या 6,000 वरच मिळते.

निघायची तारीखही सोयीची निवडा. एप्रिलपासून भारतात 182 दिवस भरले की त्या आर्थिक वर्षात तुम्ही निवासी ठरता आणि दुबईतला पगारही सहसा भारतात करपात्र होतो. कंपनी पुढच्या एप्रिलपर्यंत थांबायला तयार नसेल, तर सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्याआधीचं तिकीट काढा.