गंजलेला बिडाचा तवा: खर्च १८१ रुपये

सावंतवाडीच्या घराच्या माळ्यावरून आईचा बिडाचा तवा खाली काढला, तेव्हा तो विटकरी रंगाचा झाला होता. तीन पावसाळे तो वर्तमानपत्रात गुंडाळून पडला होता आणि कागद गंजाला चिकटून बसला होता. घरातले म्हणाले, भंगारात दे, नवा घेऊ. दुकानात प्री-सीझन्ड लिहिलेला तेवढाच, म्हणजे १० इंची तवा हजाराच्या पुढे होता. ओळखीच्या वेल्डिंगवाल्याने ग्राइंडर फिरवून देण्याचे २०० रुपये सांगितले. दोन्ही नको म्हटलं आणि घरीच केलं. खर्च आला १८१ रुपये. वेळ मात्र अख्खा रविवार गेला.

खर्च करण्याआधी तवा वाचण्याजोगा आहे का, ते बघा. तवा कान धरून उचला आणि चमच्याने टिचकी मारा. घंटेसारखा खणखणीत, लांबणारा नाद आला तर तवा धड आहे. बद्द आवाज आला तर कुठेतरी चीर असते, बहुधा कानाच्या बुडाशी. अशा तव्यावर एक रुपयाही घालू नका, कारण तापल्यावर चीर वाढते आणि तवा दुभंगतो. गंजाने पडलेले बारीक खड्डे मात्र चालतात. तवा पूर्वी रंग, डांबर किंवा बॅटरीच्या कामासाठी वापरला असेल, तर तो पुन्हा स्वयंपाकात आणू नका. ग्राइंडरचं म्हणाल, तर चाक बिडावर ओरखडे पाडतं आणि घावणं नेमकं त्याच ओरखड्यांत अडकतं.

आता १८१ रुपये कुठे गेले ते सांगते. पांढऱ्या व्हिनेगरच्या दोन बाटल्या ९० रुपये. ८० आणि १२० नंबरचे पॉलिश पेपर ४०, तारेची घासणी २०, खायचा सोडा १०, तेल ५. सिलिंडर ९०० रुपयांचा आणि गॅस १४.२ किलो धरला, तर किलोला साधारण ६३ रुपये पडतात. मंद-मध्यम आचेवर दीडेक तासात पाव किलोच्या आसपास गॅस जळला, त्याचे १६ रुपये. जुनं सुती धोतर घरातच होतं.

आधी सुकाच घासा. पाणी न लावता ८० नंबरच्या कागदाने गोल फिरवत वरचा सुटा गंज झाडून काढला. नाकातोंडाला रुमाल बांधा, ती धूळ घशात बसते. या अर्ध्या तासाच्या घासण्याने व्हिनेगरचं काम निम्म्यावर येतं.

मग प्लॅस्टिकच्या टबात व्हिनेगर आणि तेवढंच पाणी घेऊन तवा पूर्ण बुडवला. ॲल्युमिनियमची परात घेऊ नका, आम्ल तिलाही खातं. इथे घड्याळ लावावंच लागतं. व्हिनेगरला गंज आणि बीड यांतला फरक कळत नाही. गंज संपला की ते बीड खायला लागतं आणि तवा राखाडी, खरबरीत होतो. रात्रभर भिजत ठेवा असं सांगणारे पुष्कळ भेटतात, त्यांचं ऐकू नका. मी दर अर्ध्या तासाने तवा काढून घासणीने घासत होते. दोन तासांत केशरी रंग गेला आणि खाली करडं बीड दिसलं. खड्ड्यांत काळे ठिपके राहिले, ते राहू दिले. बोटाला रंग लागत नसला म्हणजे झालं.

यानंतरची पाच मिनिटं सगळ्यात नाजूक असतात. तवा सोड्याच्या पाण्याने धुतला, म्हणजे उरलेलं आम्ल मरतं. मग साध्या पाण्याने धुऊन, पुसून लगेच गॅसवर ठेवला. उघडं बीड ओलं राहिलं तर डोळ्यांदेखत पिवळसर होतं. म्हणून धुवायच्या आधीच शेगडीजवळ कापड आणि तेल मांडून ठेवा. आच मंदच हवी. गार तवा एकदम मोठ्या आचेवर चढवला, किंवा तापलेल्यावर गार पाणी ओतलं, तर बीड तडकतं.

आता तेल मुरवायचं. तव्याचा तो काळा, गुळगुळीत थर म्हणजे तेलच असतं. तेलाचा पातळ थर खूप तापला की त्याचे कण एकमेकांत गुंफले जातात आणि बिडाला घट्ट धरणारा कडक पापुद्रा तयार होतो. सगळी तेलं यात सारखी नाहीत. करडई, सूर्यफूल, सोयाबीन ही लवकर धरतात. खोबरेल फारसं धरत नाही. कोकणातल्या घरात मला हे लिहायला जड जातं, पण पाया करडईचा घाला आणि खोबरेल पुढे घावण्यांसाठी वापरा. जवसाच्या तेलाचा थर कडक बसतो, पण पुढे त्याचे पोपडे निघतात.

माझी पहिली चूक इथेच झाली. तवा सुकलाय, तर भरपूर पाजू, म्हणून दोन चमचे तेल ओतलं. अर्ध्या तासाने तव्यावर मधासारखे चिकट ओघळ आले, बोट ठेवलं की चिकटायचं. पुन्हा घासावं लागलं. तेल लागतं अर्धा चमचा, तेही दोन्ही बाजू आणि कान मिळून. ते कोमट तव्याला चोळा. मग कोरडं कापड घेऊन, तेल चुकून लागलंय अशा समजुतीने सगळं पुसून काढा. तवा कोरडा वाटतो, तरी लागतो तेवढा थर उरलेला असतो.

खिडकी उघडा आणि आच हळूहळू मध्यमवर आणा. धूर निघू लागला की पंधरा-वीस मिनिटं त्याच आचेवर ठेवा. घरगुती शेगडीची ज्योत मधोमध लागते आणि कडा मागे राहतात, म्हणून सांडशीने तवा सरकवत एकेक कड ज्योतीवर आणा. धूर विरला की बंद करा, कोमट होऊ द्या, पुन्हा तेल, पुन्हा पुसणं. मी असे चार थर दिले. पहिल्यानंतर रंग तांबूस झाला, चौथ्यानंतर काळपट. मोठा ओव्हन असेल तर २३० अंशांवर तवा पालथा घालून थराला एक तास द्या. कडा एकसारख्या होतात, पण विजेचा खर्च वेगळा.

जमलं की नाही, ते बघायला गार तव्यावर पांढरं कापड दाबून फिरवा. केशरी डाग आला तर गंज राहिलाय. चिकट लागलं तर तेल जास्त झालंय. तेवढ्यासाठी सगळं पहिल्यापासून करू नका, तेल न लावता अजून अर्धा तास तापवून बघा. काळा डाग पुसट असेल तर चालतो, पहिल्या चार-पाच वापरांत जातो.

पहिल्याच दिवशी घावणं घालू नका. आठवडाभर तेल सोडून थालीपीठं लावा. टोमॅटो, चिंच, आगळ घातलेलं काही महिनाभर तव्यावर शिजवू नका, कोवळा थर आम्लाने सुटतो. घावणं घालताना कांदा अर्धा चिरून काट्याला टोचा, तेलात बुडवून गरम तव्यावर फिरवा. माझं पहिलं घावण आठव्या दिवशी कडेने आपोआप सुटलं, दुसरं मध्ये थोडं धरलं, कारण तवा नीट तापायच्या आत पीठ घातलं होतं.

साबणाचा एखादा थेंब लागला तर थर जात नाही. पाण्यात भिजत ठेवला तर मात्र जातो. धुतला की गॅसवर सुकवायचा आणि तेलाचं बोट फिरवायचं. पावसाळ्यात तवा ठेवून द्यायचाच असेल तर वर्तमानपत्रात गुंडाळू नका, कागद ओल धरतो. तेल पुसलेला तवा सुती कापडात बांधून शेगडीजवळच्या फळीवर उभा ठेवा.