यंत्र तसेच, जागा वेगळी

बारावीच्या व्यवसाय अभ्यासाच्या जुन्या प्रश्नांचा सराव करताना मी एका प्रसंगात फसलो. कारखान्यात नवी महागडी यंत्रे आली. कामगारांना तशाच यंत्रांवर, पण वेगळ्या खोलीत शिकवले. प्रशिक्षणाची पद्धत ओळखायची होती. ‘यंत्र’ वाचताच मी ‘शिकाऊ उमेदवारी’ लिहिले. पण शिकाऊ उमेदवार प्रत्यक्ष कामाच्या जागी, कुशल कारागिराच्या हाताखाली शिकतो. इथे जागाच वेगळी, म्हणून उत्तर ‘व्हेस्टिब्यूल प्रशिक्षण’.

आता मी आधी ‘कुठे’ आणि ‘कशावर’ सांगणाऱ्या शब्दांखाली रेघ ओढतो. मग पद्धतीचे नाव लिहितो, पुरावा म्हणून प्रसंगातले ते शब्द देतो आणि शेवटी कारण: नवशिक्याच्या चुकीने चालू उत्पादन थांबू नये.