समासातली टीप ऐकू येत नाही

दिवाळीच्या सुट्टीनंतर पुण्याहून राजस्थानातल्या शाळेत परतताना जवळजवळ एक पूर्ण दिवस रेल्वेत जातो. हलत्या डब्यात वही वाचली की मला मळमळते. म्हणून या वर्षी मी विज्ञानाच्या तासाच्या नोट्स घरीच मोठ्याने वाचून बाबांच्या जुन्या फोनवर रेकॉर्ड केल्या. रतलाम येईपर्यंत ‘हृदय व रक्ताभिसरण’ तीन वेळा ऐकून झाले. शाळेत पोचल्यावर फोन हाउसमास्तरांकडे जमा केला. पुढच्या आठवड्यात चाचणी झाली. पल्मनरी आर्टरीतून ऑक्सिजनयुक्त रक्त वाहते, असे मी अगदी खात्रीने लिहिले आणि २ गुण घालवले.

वही उघडली तेव्हा कारण सापडले. ओळीत लिहिले होते, ‘आर्टरी – ऑक्सिजनयुक्त रक्त.’ शेजारी समासात तांबड्या शाईने होते, ‘अपवाद – पल्मनरी.’ मी वरून खाली वाचत गेलो आणि समास वाचलाच नाही. वही पाहताना डोळा आपोआप तांबड्या शाईकडे जातो. कानाला समास नसतो, रंग नसतो आणि बाणही नसतो. त्यामुळे अर्धवट नियम तीन वेळा ऐकून पक्का झाला.

हिवाळी सुट्टीत मी तोच धडा पुन्हा घेतला. या वेळी वाचण्याआधी ऐकण्यासाठी वेगळा मजकूर लिहिला. वहीतल्या प्रत्येक बाणाचे एक पूर्ण वाक्य केले. त्यात रक्त कुठून निघते, कोणत्या नळीतून जाते आणि कुठे पोचते, हे तिन्ही आलेच पाहिजे. समासातली टीप उचलून जिथे नियम आहे तिथेच ठेवली. परीक्षा इंग्रजीत असते म्हणून नावे इंग्रजीच ठेवली, पण समजावणे मराठीत केले. त्यातला एक भाग असा:

‘उजवा हात छातीच्या उजव्या बाजूला ठेव. पुस्तकातली आकृती समोर उभ्या माणसाची असते, म्हणून तिथे ही बाजू तुझ्या डावीकडे दिसते. शरीरातून परतलेले, ऑक्सिजन कमी असलेले रक्त वरच्या उजव्या कप्प्यात येते. हा राइट एट्रियम. तिथून ते खालच्या उजव्या कप्प्यात उतरते. हा राइट व्हेंट्रिकल. आता हे रक्त फुप्फुसांकडे निघते. हृदयापासून दूर नेणारी नळी ती आर्टरी, म्हणून या नळीचे नाव पल्मनरी आर्टरी. पण रक्ताला ऑक्सिजन अजून मिळायचा आहे. म्हणून या आर्टरीत ऑक्सिजन कमी असलेले रक्त असते. आता सांग: फुप्फुसांकडून हृदयाकडे येणाऱ्या नळीत कसले रक्त असेल?’

इथे मी मनात पाचपर्यंत मोजून गप्प राहिलो आणि मग उत्तर रेकॉर्ड केले: ‘पल्मनरी व्हेन, ऑक्सिजनयुक्त रक्त.’ ही शांतता महत्त्वाची आहे. पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये ती नव्हती. त्यामुळे ऐकताना सगळे येते असे वाटत राहिले आणि काय येत नाही ते कळले नाही. आता उत्तर माझ्या तोंडून आधी आले नाही, तर तो भाग मी मागे नेऊन पुन्हा ऐकतो.

एक भाग चार मिनिटांपेक्षा मोठा करत नाही. पहिले रेकॉर्डिंग सलग पंचवीस मिनिटांचे होते. मध्येच चहावाला आला, शेजारच्या काकांनी स्टेशन विचारले की धागा तुटायचा आणि ती जागा पुन्हा सापडायची नाही. आता प्रत्येक भागाच्या सुरुवातीला त्याचे नाव बोलतो आणि शेवटी तीन प्रश्न ठेवतो. कर्जत-लोणावळा घाटातल्या बोगद्यांत आवाज घुमतो आणि शब्दांची टोके गिळली जातात, म्हणून महत्त्वाचे नाव वाक्यात एकदा आणि पुढच्या वाक्यात पुन्हा घेतो. इअरफोन एकाच कानात घालतो, म्हणजे बरोबरच्या सरांनी हाक मारली तर ऐकू येते.

रेकॉर्ड करण्यापूर्वी आणखी एक तपासणी करतो. लिहिलेला मजकूर आईला वाचून दाखवतो आणि तिला कागदावर रक्ताचा मार्ग काढायला सांगतो. आईने विज्ञान सोडून बरीच वर्षे झाली. पहिल्या मसुद्यावरून तिने फुप्फुसांतून आलेले रक्त थेट शरीराकडे नेले, कारण ते डाव्या बाजूला हृदयात परत येते हे वाक्यच मी लिहिले नव्हते. एका पूर्ण फेरीत रक्त दोनदा हृदयातून जाते, हा धड्याचा गाभा त्यामुळे निसटत होता.

हे सगळ्या विषयांना चालत नाही. क्रम आणि कारण कानाने नीट बसते. गणिताची उदाहरणे आणि आकृतीला नावे देणे मात्र हाताने केल्याशिवाय येत नाही. म्हणून आता शाळेत पोचल्यावर फोन जमा केला की त्याच संध्याकाळी प्रेपमध्ये कोऱ्या कागदावर हृदय काढतो, बाण दाखवतो आणि मग वहीशी ताडून पाहतो. आधी समास बघतो.