आधी संस्था, मग आपण

एखाद्या संस्थेचा प्रतिनिधी ग्राहकासमोर आपले काम मांडावयास उभा राहतो, तेव्हा पहिल्यांदा त्याने काय सांगावे? पुष्कळांना वाटते की, स्वतःचे नाव व हुद्दा सांगावा. परंतु संस्था कशासाठी आहे हेच ज्याला ठाऊक नाही, त्याच्या दृष्टीने त्या हुद्द्याला काय अर्थ? म्हणून आधी संस्थेचा उद्देश सांगावा आणि मग स्वतःची ओळख करून द्यावी.

उद्देश म्हणजे संस्थेचा इतिहास नव्हे किंवा मालाची यादीही नव्हे. कोणाची कोणती अडचण दूर करण्यासाठी संस्था झटते, हे सांगणे म्हणजे उद्देश सांगणे. १९७६ मध्ये मदुराई येथे डॉ. जी. वेंकटस्वामी यांनी अवघ्या ११ खाटांचे अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केले. टाळता येण्याजोगे अंधत्व नाहीसे करणे, हा त्याचा उद्देश. एवढ्या एका वाक्यात ते काम ध्यानात येते.

आता एक कल्पित प्रसंग पाहू. कापडी पिशव्या शिवणाऱ्या स्त्रियांच्या एका संस्थेची कार्यवाह ग्राहक भांडाराच्या व्यवस्थापकांना भेटावयास गेली. काम मिळाले नाही, तर कित्येक घरांची मिळकत थांबणार होती. “आमची संस्था उत्तम सेवेसाठी प्रसिद्ध आहे,” असे म्हणावे, असे तिने प्रथम योजिले होते. पण हेच वाक्य साबणाच्या कारखान्यालाही लागू पडते, हे तिच्या ध्यानात आले. दुसऱ्या संस्थेचे नाव घालूनही जे वाक्य खरे वाटते, ते पोकळ समजावे. तिने ते वाक्य गाळले व ती म्हणाली :

“शिवणकाम येत असूनही ज्यांना घराबाहेर पडता येत नाही, अशा स्त्रियांना घरबसल्या नियमित मिळकत व्हावी, यासाठी आमची संस्था आहे. आम्ही त्यांना कापड पोचवतो, शिवलेल्या पिशव्या तपासतो आणि विकतो. आपल्या भांडाराला दरमहा पिशव्या लागतात. ते काम आम्हांस मिळाले, तर या घरांना दरमहा काम मिळेल. मी या संस्थेची कार्यवाह. पिशव्या तपासण्याची जबाबदारी माझी आहे.”

हे सांगावयास सुमारे अर्धा मिनिट पुरतो. तिचा हुद्दा शेवटी आल्यामुळे पिशवी उसवली तर कोणाला विचारावयाचे, हे व्यवस्थापकांना लगेच कळले.

उद्देश पोचला की नाही, हे ऐकणाऱ्याच्या पहिल्या प्रश्नावरून ओळखावे. “महिन्याला किती पिशव्या द्याल?” असे त्यांनी विचारले, तर तो पोचला. “पण आपण करता तरी काय?” असे विचारले, तर तो पोचला नाही. मात्र ग्राहक जुना व परिचित असेल, तर उद्देश एका वाक्यात आटोपावा. आणि संस्था जे प्रत्यक्ष करीत नाही, ते उद्देशात कधीही घालू नये.

स्वाध्याय : आपल्या शाळेच्या वाचनालयाचा उद्देश तीन वाक्यांत सांगा. त्यांतील कोणते वाक्य दुसऱ्या एखाद्या संस्थेलाही लागू पडते, ते शोधून बदला.