धाटावची कंपनी घेण्याआधी

मी पेणचा. रोह्याजवळ धाटावच्या एमआयडीसीत एक लहान रसायन कंपनी विकायची आहे, असं कळलं. संस्थापक वारलेले, मुलं मुंबईत, साठ टक्के हिस्सा द्यायला तयार. आमच्या सीएंनी ताळेबंद पाहिला आणि आकडे ठीक आहेत म्हणाले. तरीही व्यवहार बराच रखडला. ज्या गोष्टींनी तो अडवला त्यांतली एकही ताळेबंदात नव्हती.

नुसती यंत्रं किंवा इमारत घेतली तर तेवढंच आपलं होतं. शेअर घेतले की कंपनी तीच राहते, फक्त मालक बदलतो. तिच्यावरचे जुने दावे, दंड, कामगारांची ग्रॅच्युइटी, सगळं तिच्याच नावावर राहतं. म्हणून जुने कागद बघायचे.

मी पहिल्याच भेटीत विचारलं, "प्लॉट कोणाचा?" थोरले चिरंजीव म्हणाले, "कंपनीचाच की!" वकीलसाहेबांनी भाडेपट्टा मागवला. एमआयडीसीची जमीन 95 वर्षांच्या पट्ट्यावर असते, मालकी महामंडळाचीच. खासगी कंपनीत मूळ भागधारकांचा हिस्सा निम्म्याखाली गेला, तर महामंडळ त्याकडे प्लॉटचं हस्तांतरण म्हणूनच पाहतं. त्यासाठी परवानगी आणि फरकाचं अधिमूल्य लागतं. समजा प्लॉट 4,000 चौरस मीटर आहे आणि जुना दर नि आजचा दर यांत मीटरमागे 5,000 रुपयांचा फरक आहे. एकूण फरक दोन कोटी, आणि त्यातला धोरणात ठरलेला हिस्सा भरायचा. तो कोण भरणार हे करारात नसेल, तर भरते कंपनी, म्हणजे साठ टक्के तुम्हीच. प्रादेशिक कार्यालयातून लेखी आकडा घेतल्याशिवाय मी शेअरच्या भावावर बोललोच नाही. त्याच फेरीत पाणीपट्टीची थकबाकी आणि इमारत पूर्णत्वाचा दाखला पाहिला. मागची शेड कुणा दुसऱ्याला गोदामासाठी दिलेली निघाली, विनापरवानगी. आधी ती रिकामी करून घेतली.

मग प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती. तिच्यात प्रत्येक उत्पादनाचं नाव, महिन्याला किती टन आणि रोज किती सांडपाणी हे लिहिलेलं असतं. ते वाचून फाइल बंद करू नका. विक्रीची जीएसटी बिलं शेजारी ठेवा. संमतीत 30 टन आणि बिलांत 45 टन दिसले, तर वरचे 15 टन बेकायदा. धाटावचं सांडपाणी सामायिक प्रक्रिया केंद्रातून पुढे कुंडलिकेच्या खाडीकडे जातं, तेव्हा केंद्राचं सभासदत्व आणि त्यांच्याकडच्या नमुन्यांचे निकालही मागा. भरपाईची नोटीस निघाली तर ती कंपनीला येते; ज्यांनी जादा माल काढला ते तोवर पैसे घेऊन बाहेर पडलेले असतात.

शेअरची मालकी हा मला सगळ्यांत सोपा भाग वाटत होता. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर वार्षिक विवरण आणि बँकांचा बोजा दिसतो, पण भागधारकांची मूळ नोंदवही कंपनीच्या कपाटात असते. तिच्यात संस्थापकांचे शेअर अजून त्यांच्याच नावावर होते. विकणाऱ्या भावांच्या बहिणीची सही कुठेच नव्हती. भावांनी "ती काही बोलणार नाही" असं सांगितलं. असं कोणी सांगितलं की नेमकं तिथेच थांबावं. वारसांची कागदपत्रं पूर्ण होऊन तिचं नाव वहीत चढलं, मगच पुढे.

कंपनीच्या नियमावलीत आणखी एक कलम होतं: शेअर आधी इतर भागधारकांना देऊ करायचे. त्या प्रत्येकाचा लेखी नकार घेतला. कुटुंबातल्या वेगळ्या कराराने असं बंधन घातलं असेल, पण ते नियमावलीत नसेल, तर कंपनीवर ते बंधनकारक नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये रंगराज खटल्यात म्हटलं आहे. तरी तो करार मागाच, कारण भांडण तिथूनच सुरू होतं. आणि साठ टक्क्यांत नियमावली बदलता येत नाही. विशेष ठरावाला तीन चतुर्थांश मतं लागतात. उरलेले चाळीस टक्के ज्यांच्याकडे, त्यांच्याशी हक्कांचा करार त्याच दिवशी करावा.

शेवटी पैसे. विक्रेत्यांनी "आम्ही हमी लिहून देतो" म्हटलं. हमी हवीच, पण तिच्यावर विसंबू नये. रॅनबॅक्सी घेतलेल्या दायची सांक्यो या जपानी कंपनीला माहिती दडवल्याबद्दल सिंगापूरच्या लवादाने 2016 मध्ये अडीच हजार कोटींहून जास्त भरपाई मंजूर केली, आणि तरी वसुलीसाठी ती वर्षानुवर्षं भारतात कोर्टात होती. म्हणून आम्ही किमतीचा पाचवा भाग दोन वर्षं तिसऱ्याच्या खात्यात ठेवला. एमआयडीसीची परवानगी आणि सुधारित संमती हातात येईपर्यंत पहिला हप्ताही दिला नाही.