सुट्टीचे चार महिने आणि राजीनाम्याची तारीख

प्रश्न : दादा, मिरजोळे एमआयडीसीत हिशेब विभागात मला सव्वानऊ वर्षं झाली. पगार २८,००० आहे, तो वेळेवर होतो, पण पाच वर्षं काम तेच. आरे-वारेला नवं रिसॉर्ट निघालंय. तिथे व्यवस्थापक म्हणून ३२,००० देतायत. माणसांत वावरायचं काम माझ्या स्वभावाचं आहे. पुढच्या आठवड्यात राजीनामा देऊ का?

उत्तर : काम तुझ्या स्वभावाचं आहे, हे मलाही पटतं. ऑफिसात येणाऱ्या पाहुण्यांची सोय तूच बघतोस, ते मी पाहत आलोय. तरी पुढच्या आठवड्यात राजीनामा देऊ नकोस.

आधी पगाराचं बघू. आरे-वारेला गर्दी असते ती दिवाळी, नाताळ आणि मे महिन्यात. जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो आणि खोल्या बहुतेक रिकाम्या. त्या चार महिन्यांत मालक किती देणार, हे तू विचारलंयस का? अर्धा पगार म्हणाले, तर वर्षाचे होतात ३,२०,०००. आज तुला ३,३६,००० मिळतात. म्हणजे मोठा दिसणारा पगार प्रत्यक्षात कमी पडेल. पावसाळ्यात निदान पाऊण पगार, म्हणजे २४,००० माग. मग वर्षाचे ३,५२,००० होतील. हे नेमणूकपत्रात लिहून घे.

आता राजीनाम्याची तारीख. पीएफबरोबर आपली पेन्शनचीही वर्गणी जाते. पेन्शन मिळायला दहा वर्षं सेवा लागते, आणि सहा महिने किंवा त्याहून जास्त भरले तर ते पूर्ण वर्ष धरतात. साडेनऊ वर्षं भरली की तुझी दहा झाली. १५,००० च्या पगारमर्यादेवर ५८ व्या वर्षापासून महिना सुमारे २,१४० रुपये. रक्कम लहान आहे, पण आयुष्यभर मिळणारी. रिसॉर्टवर बारा माणसं आहेत आणि पीएफ कायदा सहसा वीस माणसांपासून लागू होतो. म्हणजे तिथे तुझी मोजणी पुढे सरकणार नाही. मात्र बिनपगारी रजा सेवेतून वजा होते, म्हणून पासबुकातले महिने स्वतः मोज.

ग्रॅच्युइटीतही सहा महिन्यांच्या वरचा काळ वर्ष म्हणून धरतात. मूळ पगार १६,००० ला १५ ने गुणून २६ ने भागला की एका वर्षाचे ९,२३० येतात. आज सोडलंस तर नऊ वर्षांचे मिळतील, चार महिन्यांनी सोडलंस तर दहांचे.

आत्ता जून आहे. सप्टेंबरच्या सुरुवातीला एक महिन्याची नोटीस दे आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला रुजू हो. मालकालाही तोवर व्यवस्थापकाची घाई नसणार. पावसाळी पगार लिहून द्यायला ते तयार असतील तर जा. नसतील तर ते काम कितीही आवडीचं असलं, तरी घर चालवणाऱ्या माणसाने ते या अटीवर घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.