उणे चार अंशांचं पाणी

अकरावीच्या सहामाहीला भौतिकशास्त्राच्या पेपरात एक गणित आलं होतं. उणे १० अंश सेल्सिअसचा १०० ग्रॅम बर्फ ५० अंशांच्या १५० ग्रॅम पाण्यात टाकला, तर मिश्रणाचं अंतिम तापमान किती? भांड्याने घेतलेली उष्णता धरायची नव्हती. वर्गात अशी गणितं डझनभर सोडवलेली असल्यामुळे मी सवयीने समीकरण मांडलं: पाण्याने दिलेली उष्णता म्हणजे बर्फाने घेतलेली उष्णता. बर्फ आधी शून्यापर्यंत तापेल, मग वितळेल, मग वितळलेलं पाणी अंतिम तापमानापर्यंत जाईल. उत्तर आलं उणे ४ अंश.

कुठेतरी चिन्ह चुकलं असणार, असं मी धरलं. आकडेमोड दोनदा तपासली, चूक सापडली नाही, वेळ संपत आली होती. शेवटी उणे खोडून ४ अंश लिहिलं. उत्तरपत्रिका परत आली तेव्हा त्या पानावर बाईंनी लाल शाईत एवढंच लिहिलं होतं, "सगळा बर्फ वितळला, हे कुणी सांगितलं?"

गेली काही वर्षं मी स्वतः अकरावी-बारावीच्या मुलांना शिकवतो. दरवर्षी हीच चूक कुणा ना कुणाच्या वहीत दिसते, म्हणून ती मुळापासून सांगतो.

माझी आकडेमोड खरोखरच बरोबर होती. चूक समीकरण मांडण्याच्या आधीची होती. "वितळलेलं पाणी पुढे तापेल" हे वाक्य मांडलं, तिथेच सगळा बर्फ वितळतो हे मी न तपासता गृहीत धरलं. गणिताने मग इमानदारीने सांगितलं, की तसं व्हायचं असेल तर मिश्रण उणे ४ अंशांचं पाणी असायला हवं. ते उणे चिन्ह माझं गृहीतक मोडत होतं आणि मी ते चिन्हच खोडलं. अंतिम तापमान दोन्ही मूळ तापमानांच्या मधे असावं, ही नेहमीची पडताळणीही इथे उपयोगाला येत नाही. उणे ४ हे उणे १० आणि ५० यांच्या मधेच आहे!

तर समीकरणाआधी दोन आकडे काढायचे. पहिला, पाणी शून्य अंशापर्यंत थंड होताना जास्तीत जास्त किती उष्णता देईल: १५० गुणिले ५०, म्हणजे ७५०० कॅलरी. दुसरा, सगळा बर्फ वितळायला किती लागेल. बर्फाची विशिष्ट उष्माधारकता पाण्याच्या साधारण निम्मी, दर अंशाला ग्रॅममागे ०.५ कॅलरी. त्यामुळे उणे १० वरून शून्यावर यायला ५०० कॅलरी लागतील. वितळण्याचा अप्रकट उष्मा ग्रॅमला ८० कॅलरी, म्हणून १०० ग्रॅमला ८००० लागतील. एकूण गरज ८५००, जवळ आहेत ७५००. सगळा बर्फ वितळणं शक्यच नाही.

आता पुढे समीकरणही लागत नाही. ७५०० मधले ५०० बर्फ शून्यावर आणण्यात गेले, उरले ७०००. त्यांना ८० ने भागलं की ८७.५ ग्रॅम बर्फ वितळतो. साडेबारा ग्रॅम तसाच राहतो. बर्फ आणि पाणी शेजारी शेजारी टिकलेत, म्हणून तापमान शून्य अंश.

याच गणितात पाणी ६० अंशांचं असतं, तर ९००० कॅलरी मिळाल्या असत्या. गरज भागून ५०० उरल्या असत्या आणि त्या २५० ग्रॅम पाण्यात वाटल्या गेल्यावर तापमान २ अंश आलं असतं. नुसत्या दहा अंशांच्या फरकाने गणिताचा प्रकारच बदलतो. प्रश्न वाचून अंदाजाने हे कळत नाही, कारण ८० हा आकडा आपल्या मनाला वाटतो त्यापेक्षा फार मोठा आहे. शून्य अंशाचा एक ग्रॅम बर्फ वितळवायला ८० अंशांचं एक ग्रॅम पाणी पार शून्यापर्यंत थंड व्हावं लागतं. आंघोळीच्या पाण्याइतकं गरम पाणी तेवढ्याच वजनाचा बर्फ पुरता वितळवू शकत नाही.

क्वचित उलट टोकही येतं. उणे ४० अंशांच्या १०० ग्रॅम बर्फात १० अंशांचं १० ग्रॅम पाणी ओतलं, तर बर्फाला नुसतं शून्यावर यायलाच २००० कॅलरी हव्यात. पाणी थंड होऊन आणि पूर्ण गोठूनही ९०० च देतं. मग सगळाच बर्फ होतो, उणे २० अंशांचा. इथे उणे उत्तर बरोबर आहे, कारण पाणी उरलेलंच नाही.

प्रयोगशाळेत तांब्याचा कॅलरीमापीही थोडी उष्णता देतो, तीही जवळच्या आकड्यात मिळवा. बर्फाचे तुकडे टिपकागदाने कोरडे करूनच टाका. ओल्या तुकड्याला चिकटलेलं पाणी आधीच वितळलेलं असतं आणि तरी बर्फाच्या वजनात मोजलं जातं.

आणि बर्फ उरत असेल, तर उत्तरात नुसतं "० अंश" लिहून थांबू नका. किती बर्फ उरला तेही लिहा. माझ्या त्या गणिताचं पूर्ण उत्तर आहे: ० अंश सेल्सिअस, १२.५ ग्रॅम बर्फ, २३७.५ ग्रॅम पाणी.